गोळी न घेतलेल्यांनाही मोजा

"ज्या माणसाने गोळी घेतलीच नाही, त्याचा मृत्यू गोळीच्या खात्यावर का मांडायचा?"

औषधचाचण्यांच्या आकडेवारीचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पाठ झालेला असतो. मध्यंतरी एका रुग्णालयाच्या जर्नल क्लबमध्ये तो पुन्हा कानावर पडला. विचारणारे ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्यासमोरच्या शोधनिबंधात इंटेन्शन-टू-ट्रीट पद्धतीने मांडलेला निकाल निराशाजनक होता. खाली छोट्या अक्षरांत आणखी एक निकाल होता, फक्त नियमाप्रमाणे औषध घेतलेल्या रुग्णांचा, आणि तो चांगला होता. डॉक्टरसाहेबांनी त्या छोट्या अक्षरांवर बोट ठेवले. म्हणाले, "खरा निकाल हा आहे. वरचा तुम्हा स्टॅटिस्टिक्सवाल्यांचा सोपस्कार."

त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच बाजूने नीट मांडतो. इंटेन्शन-टू-ट्रीटमध्ये रुग्णाला ज्या गटात घातले त्याच गटात तो शेवटपर्यंत मोजला जातो. मग त्याने औषध अर्ध्यात सोडले, मुळीच सुरू केले नाही किंवा दुसऱ्या गटाचा उपचार घेतला, तरी फरक पडत नाही. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे, की यामुळे औषधाच्या गटात औषध न घेतलेले लोक मिसळतात आणि औषधाचा गुण पातळ होतो. समोर बसलेल्या रुग्णाला सांगायचे असते ते "घेतलेत तर काय होईल" हे. "तुमच्या नावापुढे हे औषध लिहिले गेले तर काय होईल" हे ऐकून त्याला काय करायचे आहे? ज्याला ताप आहे त्याला पॅरासिटामॉल दिले आणि त्याने ते खिडकीतून फेकले, तर पॅरासिटामॉल नापास झाले असे कोण म्हणेल?

हे ऐकायला इतके रास्त वाटते की त्या खोलीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मला तिथे पाच मिनिटे मिळाली आणि त्यात मी धड उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर इथे सविस्तर देतो.

आधी चिठ्ठीबद्दल. चाचणीत रुग्णांची वाटणी चिठ्ठी टाकून होते. आता ती यादी संगणक बनवतो, पण तत्त्व चिठ्ठीचेच. चिठ्ठीमुळे वाटणीच्या दिवशी दोन्ही गट सारखे असतात, उरलेला फरक केवळ योगायोगाचा असतो, आणि त्या योगायोगाचे माप गणिताला ठाऊक असते. वय, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या मोजलेल्या गोष्टींत गट सारखे होतात. कोण चिंतातुर आहे, कोणाच्या घरी औषधाची आठवण करून देणारे माणूस आहे, कोणाचे हृदय तपासणीत दिसते त्याहून अधिक थकलेले आहे, अशा कोणीही न मोजलेल्या गोष्टींतही सारखे होतात. हा सारखेपणा संपूर्ण गटाचा असतो. चिठ्ठी निघाल्यानंतर घडलेल्या एखाद्या गोष्टीवरून गटातली माणसे वगळली, की चिठ्ठीने दिलेली हमी संपली. राहिलेली माणसे सारखी आहेत हे तुम्ही मानू शकता, पण त्याला आधार उरत नाही.

हे तोंडी पटत नाही, म्हणून एक जुनी चाचणी उघडतो. सल्फिनपायराझोन हे गाऊटवरचे औषध. ते रक्तातल्या प्लेटलेटवरही परिणाम करते, म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते दिले तर पुढचे मृत्यू टळतील का, हे पाहण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात मोठी चाचणी झाली. सिबा-गायगी कंपनी हे औषध ॲन्टुरान नावाने विकत असे, आणि चाचणीलाही तेच नाव पडले. निकाल 1978 आणि 1980 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. औषधामुळे हृदयविकाराचे मृत्यू, विशेषतः अचानक येणारे मृत्यू, कमी होतात असा त्यांचा सूर होता. त्या काळात ही बातमी लहान नव्हती.

चिठ्ठी टाकली गेली होती 1,629 रुग्णांवर. 813 जणांना औषध आणि 816 जणांना प्लासिबो. छापील विश्लेषणात मात्र 1,558 रुग्ण होते. मधले 71 कुठे गेले? ते चाचणीच्या प्रवेशाच्या अटींत बसत नव्हते असे मागाहून ठरले होते, म्हणून त्यांना मोजणीतून काढले होते. औषधाच्या गटातून 38 आणि प्लासिबोच्या गटातून 33. आकडे जवळजवळ सारखे आहेत. एवढेच पाहिले तर कोणाला काही खटकणार नाही. शेकडा चार-साडेचार रुग्ण वगळले, तेही दोन्हीकडून, तेही अटीत बसत नव्हते म्हणून. डॉक्टरसाहेबांनी याला नक्कीच मान डोलावली असती.

आता मृत्यू मोजू. चिठ्ठी निघालेल्या सर्वांना धरले, तर औषधाच्या गटात 813 पैकी 74 मृत्यू, म्हणजे 9.1 टक्के. प्लासिबोच्या गटात 816 पैकी 89, म्हणजे 10.9 टक्के. औषध निव्वळ निरुपयोगी असते तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दर पाच चाचण्यांत एकदा दिसला असता. त्या 71 जणांना काढल्यावर औषधाच्या गटात 775 पैकी 64 मृत्यू उरतात, म्हणजे 8.3 टक्के, आणि प्लासिबोच्या गटात 783 पैकी 85. तिथला दर 10.9 टक्केच राहतो. सर्वांना मोजताना औषधाने मृत्यू सुमारे एक षष्ठांशाने घटवल्यासारखे दिसत होते. 71 जण काढताच ती घट जवळजवळ एक चतुर्थांश झाली, आणि योगायोगाची शक्यता पाचात एकवरून शंभरात सातवर आली.

वगळलेल्यांकडे वेगळे पाहिले की हे कसे घडले ते कळते. प्लासिबोच्या 33 अपात्रांपैकी 4 जण दगावले, म्हणजे 12 टक्के. हा दर त्याच गटातल्या पात्र रुग्णांच्या दराशी जुळतो. औषधाच्या 38 अपात्रांपैकी मात्र 10 दगावले, म्हणजे 26 टक्के. एका बाजूच्या वगळलेल्यांत चौथा हिस्सा मृत, दुसऱ्या बाजूच्या वगळलेल्यांत आठवा. वगळताना माणसांची संख्या दोन्हीकडे सारखी राहिली, पण औषधाच्या खात्यातून 10 मृत्यू उचलले गेले आणि प्लासिबोच्या खात्यातून 4. निकाल सुधारला तो त्या सहा मृत्यूंच्या फरकाने. गोळीच्या गुणाचा त्यात काही भाग नव्हता.

इथे कोणी लबाडी केली असे म्हणण्याची मला गरज वाटत नाही. हे प्रामाणिक माणसांच्या हातूनही घडते. रुग्ण दगावला की त्याची फाइल पुन्हा उघडते. जिवंत आणि ठणठणीत रुग्णाची फाइल इतक्या बारकाईने कोणी वाचत नाही. दगावलेल्याच्या फाइलमध्ये प्रवेशाच्या दिवशीची एखादी त्रुटी सापडते, आणि ती सापडल्यावर "हा मुळातच यायला नको होता" हे वाक्य आपोआप तोंडात येते. ते खरेही असते. पण तशीच त्रुटी जिवंत असलेल्या कितीजणांच्या फाइलमध्ये होती, हे कोणी शोधलेले नसते.

डॉक्टरसाहेब म्हणतील, 10 आणि 4 हा फरकही योगायोगच असेल. असेल. संख्या लहान आहेत, आणि हा फरक एकट्याने काही सिद्ध करत नाही. पण तो योगायोग असेल तर त्याची जागा मोजणीच्या आत आहे. चाचणीचे सगळे गणित "चिठ्ठी निघाल्यावर नशिबाने जे काही घडेल ते धरून" बांधलेले असते. औषधाच्या गटात आलेले दुर्दैवी मृत्यू बाहेर काढायचे आणि सुदैवाने वाचलेले आत ठेवायचे, मग उरलेल्यांवर तेच गणित चालवायचे, हे त्या गणितात बसत नाही.

दुसरी गाठ याहून घट्ट होती, आणि ती थेट डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नाची आहे. या चाचणीत मृत्यू "विश्लेषणयोग्य" ठरण्यासाठी रुग्णाने किमान सात दिवस औषध घेतलेले असायला हवे होते, आणि औषध थांबवून सात दिवसांहून जास्त काळ लोटलेला नसायला हवा होता. म्हणजे औषध सोडून आठ दिवसांनी माणूस दगावला तर तो औषधाच्या खात्यावर नाही. "गोळी घेतली नाही, तर मृत्यू गोळीचा कसा?" हाच विचार नियम बनून आला होता. पण माणूस गोळी कधी सोडतो? बरे वाटेनासे झाले की. उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, रुग्णालयात दाखल व्हावे लागले, की पहिल्यांदा जादाची औषधे बंद होतात. मृत्यूच्या आधीच्या आठवड्यात औषध बंद असणे ही पुष्कळदा मृत्यूच्या वाटेवरचीच पायरी असते. जो नियम ती पायरी चढलेल्यांना मोजणीतून काढतो, तो आजारी माणसांना निवडून काढतो. औषधाच्या त्रासामुळेच ते आजारी पडले असतील, तर ज्या अपायासाठी चाचणी करायची तोच अपाय नियमाने पुसला जातो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील रॉबर्ट टेम्पल आणि गॉर्डन प्लेजर यांनी 1980 च्या अखेरीस त्याच नियतकालिकात हा सगळा हिशेब उलगडून मांडला. वगळलेले रुग्ण, सात दिवसांचा नियम, आणि मृत्यूचे कारण ठरवताना झालेली ओढाताण, अशा तीनही गोष्टी त्यांनी दाखवल्या. प्रशासनाने या उपयोगासाठी औषधाला मान्यता दिली नाही.

यावर एक चलाख उत्तर येते. "ठीक आहे, औषधाच्या गटातले न घेणारे काढू नका. पण दोन्ही गटांतून फक्त नियमित घेणारे घ्या आणि त्यांचीच तुलना करा. मग तरी न्याय झाला ना?" नियमित घेणारे आणि न घेणारे यांच्यात गोळी सोडून दुसरा फरक नाही, हे यात गृहीत धरले आहे. ते किती खोटे आहे याचा सर्वांत बोलका पुरावा कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या चाचणीने दिला. तोही 1980 चाच.

तिथे क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध झटका येऊन गेलेल्या पुरुषांना दिले होते. 1,103 जण औषधावर आणि 2,789 प्लासिबोवर. पाच वर्षांत औषधाच्या गटात 20.0 टक्के मृत्यू झाले, प्लासिबोच्या गटात 20.9 टक्के. औषधाचा उपयोग नाही. मग संशोधकांनी पाहिले, की सांगितलेल्यापैकी निदान 80 टक्के क्लोफायब्रेट ज्यांनी घेतले त्यांचे काय झाले? त्यांच्यात मृत्यू 15.0 टक्के. कमी घेणाऱ्यांत 24.6 टक्के. कागद इथेच थांबवला असता तर कोणताही डॉक्टर म्हणाला असता की औषध जीव वाचवते, फक्त ते घ्यायला हवे.

संशोधकांनी कागद तिथे थांबवला नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी तोच प्रश्न प्लासिबोच्या गटाला विचारला. ज्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतेच, ती नियमित घेणाऱ्यांत मृत्यू 15.1 टक्के, आणि ती न घेणाऱ्यांत 28.3 टक्के. रिकामी कॅप्सूल कोणाचा जीव वाचवत नाही. फरक माणसांचा होता. जो पाच वर्षे नेमाने कॅप्सूल घेतो तो इतरही पुष्कळ गोष्टी नेमाने करतो, आणि त्याची तब्येत तसे करू देण्याइतकी चांगली असते. चाचणीच्या सुरुवातीला मोजलेल्या 40 गोष्टींचा फरक गणिताने काढून टाकला, तरी प्लासिबोच्या दोन तुकड्यांतले अंतर 16.4 विरुद्ध 25.8 एवढे उरलेच. चिठ्ठीची जागा मोजमापांना घेता येत नाही ते असे.

नियमित घेणाऱ्यांचीच दोन्हीकडून तुलना केली असती तर 15.0 आणि 15.1 दिसले असते, आणि योगायोगाने बरोबर निष्कर्ष हाती आला असता. यावरून ती रीत सुरक्षित आहे असे मात्र ठरत नाही. क्लोफायब्रेट नेमाने घेणारा आणि प्लासिबो नेमाने घेणारा एकाच प्रकारचा माणूस असतो, असे मानायला कारण नाही. औषधाने पोटात ढवळत असेल तर ते पाच वर्षे घेणारा अधिक काटक असणार. प्लासिबो घ्यायला तेवढा काटकपणा लागत नाही. दोन चाळण्यांची छिद्रे वेगळी असतील तर खाली पडलेल्या दाण्यांची तुलना करून शेताबद्दल काही सांगता येत नाही.

इथवर मृत्यूबद्दल बोललो, कारण मृत्यू मोजणे सोपे. रुग्णाने औषध सोडले तरी तो जिवंत आहे की नाही हे शोधून काढता येते. वेदना, नैराश्य, स्मरणशक्ती अशा गोष्टी मोजायच्या असतील तर रुग्ण समोर यावा लागतो, आणि जो येणे थांबवतो त्याचा आकडाच नसतो. अशा गळालेल्यांचे काय करायचे, यावरून चाचणीचा निकाल जितका फिरतो तितका तो क्वचितच दुसऱ्या कशाने फिरतो. आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचे आहे. "आम्ही इंटेन्शन-टू-ट्रीट केले" असे लिहून मोकळे होणारे संशोधक पुष्कळ आहेत. चिठ्ठी निघालेले सगळे नाव लावून बसलेले असतात, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या पुढचा आकडा कोणी मोजलेलाच नसतो, तो भरलेला असतो.

भरण्याची एक फार प्रचलित रीत अशी, की रुग्ण गळाला तेव्हाचा त्याचा शेवटचा आकडा उचलायचा आणि तो चाचणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ओढत न्यायचा. अनेकांना ही रीत सावध वाटते, कारण तिच्यात रुग्ण सुधारला असे आपण मानत नाही. हातानेच हिशेब करून पाहू. स्मृतिभ्रंशावर एक औषध आहे असे समजा, आणि ते पूर्णपणे निरुपयोगी आहे असेही समजा. औषध घेतले काय, न घेतले काय, रुग्णाचा दर महिन्याला अर्धा गुण उतरतो, म्हणजे वर्षात 6. प्रत्येक गटात 100 रुग्ण. औषधाने मळमळते, म्हणून त्या गटातले 40 जण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सोडून जातात. प्लासिबोचे 10 जण जातात. जाताना प्रत्येकाचा एक गुण उतरलेला असतो, आणि तोच एक गुण वर्षाअखेरीपर्यंत ओढला जातो. औषधाच्या गटात 60 जणांची घसरण 6 आणि 40 जणांची 1, सरासरी 4. प्लासिबोच्या गटात 90 जणांची 6 आणि 10 जणांची 1, सरासरी साडेपाच. निरुपयोगी औषध दीड गुणाने जिंकले. ते जिंकले मळमळीमुळे! मळमळ जितकी वाढेल तितका विजय मोठा होईल. आणि शोधनिबंधाच्या तक्त्यात दोन्ही गटांखाली 100 हाच आकडा असेल, म्हणजे इंटेन्शन-टू-ट्रीटची पाटी खरी ठरेल.

2010 साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने नेमलेल्या तज्ज्ञांनी ही रीत मुख्य विश्लेषण म्हणून सरसकट वापरू नये असे स्पष्ट सांगितले. रुग्ण गळल्यानंतर काय झाले असावे याबद्दल आपले गृहीतक उघड लिहावे, आणि ते बदलले तर निकाल किती हलतो हेही दाखवावे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या हाती चाचणीचा शोधनिबंध आला की मी आधी आकृतीतली चिठ्ठी निघालेल्यांची संख्या आणि निकालाच्या तक्त्याखालची संख्या शेजारी शेजारी ठेवतो. त्या जुळल्या नाहीत तर मधल्यांचे काय झाले ते शोधतो. जुळल्या तर, त्यातले किती आकडे मोजलेले आणि किती भरलेले, ते शोधतो. गळालेल्यांची संख्या दोन्हीकडे सारखी आहे म्हणून कधीच समाधान मानत नाही, कारण ॲन्टुरानच्या 38 आणि 33 मध्ये काय दडले होते ते आपण पाहिले. कोणत्या कारणाने गळाले, तो स्तंभ पाहतो. एका बाजूला "त्रास झाला" आणि दुसऱ्या बाजूला "गुण आला नाही" अशी कारणे असतील, तर दोन बाजूंनी वेगळी माणसे गेली आहेत. "सुधारित इंटेन्शन-टू-ट्रीट" असे शब्द दिसले की काय सुधारले ते वाचेपर्यंत पुढे जात नाही. कधी ते निरुपद्रवी असते, जसे दोन्ही गटांत एकही मात्रा न घेतलेल्यांना वगळणे, आणि तेही कोणता गट हे रुग्णाला व डॉक्टरला ठाऊक नसताना. कधी त्या एका शब्दात सगळी चाचणी बुडालेली असते.

डॉक्टरसाहेबांच्या नियमाने औषधाचा अपाय कसा नजरेआड राहू शकतो, याचे अलीकडचे उदाहरण रोफेकॉक्सिबचे आहे, म्हणजे व्हायॉक्सचे. ज्या चाचणीमुळे ते 2004 मध्ये बाजारातून काढावे लागले, तिच्या 2005 च्या अहवालात औषध थांबवून 14 दिवसांपर्यंतचेच हृदयविकार मोजले होते. ॲन्टुरानचे सात दिवस इथे चौदा झाले, एवढेच. धोका 18 महिन्यांनंतरच दिसतो असेही त्या अहवालात म्हटले होते. चाचणीतली एक सांख्यिकी कसोटी चुकीची नोंदवली गेल्याचे उघड झाल्यावर 2006 मध्ये नियतकालिकाने ते विधान मागे घेणारी दुरुस्ती छापली. 2008 मध्ये औषध सोडल्यानंतरच्या वर्षभराचा पाठपुरावाही धरून निकाल आला. औषधाच्या गटात 59 जणांना झटका, पक्षाघात किंवा तत्सम मृत्यू, प्लासिबोच्या गटात 34. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते. औषध बंद केले म्हणजे त्याचा हिशेब बंद झाला, असे शरीर मानत नाही.

डॉक्टरसाहेबांचे एक म्हणणे मला मान्य आहे, आणि ते आडपडदा न ठेवता लिहितो. "घेतले तर काय होईल" हा रुग्णाचा प्रश्न खरा आहे, आणि इंटेन्शन-टू-ट्रीट त्याचे उत्तर देत नाही. शिवाय, जिथे नवे औषध जुन्याइतकेच चांगले आहे एवढेच सिद्ध करायचे असते, तिथे इंटेन्शन-टू-ट्रीट उलटे काम करते. दोन्ही गटांतल्या अर्ध्या लोकांनी अँटिबायोटिक घेतलेच नाही, तर दोन्ही गट सारखे दिसणारच, आणि निकृष्ट औषध "तितकेच चांगले" म्हणून पास होईल. अशा चाचण्यांत नियमित घेणाऱ्यांचा निकालही हवाच, आणि दोन्ही निकाल एकाच दिशेला बोट दाखवत नसतील तर कोणताही निष्कर्ष काढू नये.

पण "घेतले तर" या प्रश्नाचे उत्तर न घेणाऱ्यांना काढून मिळत नाही. त्यासाठी फार अधिक काम करावे लागते. 2016 मध्ये एलेनॉर मरे आणि मिगेल हर्नान यांनी कोरोनरी ड्रग प्रोजेक्टची जुनी माहिती पुन्हा हाताळली. रुग्णाने गोळी कमी केली तेव्हा त्या काळात त्याची तब्येत कशी होती, हे दर भेटीच्या नोंदींवरून त्यांनी हिशेबात आणले. प्लासिबो घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांतले ते भले मोठे अंतर सुमारे अडीच टक्क्यांवर आले, म्हणजे शून्यापासून वेगळे ओळखू येईना. रिकाम्या गोळीचे अंतर शून्य यायलाच हवे, तेव्हा रीत बरोबर वाटेवर होती. ती चालली कारण गोळी सोडलेल्यांचीही दर भेटीला नोंद झाली होती. ज्यांना डॉक्टरसाहेब मोजणीबाहेर काढू पाहतात, त्यांच्याच नोंदींवर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर उभे आहे.

म्हणून माझे भांडण विश्लेषणाच्या टेबलावर सुरू होत नाही, फॉर्मवर होते. मी काम करत असलेल्या एका चाचणीच्या फॉर्मवर "बाहेर पडले" असा एकच चौकोन होता. रुग्णाने औषध नको म्हटले की केंद्रावरची समन्वयक त्यात खूण करी आणि त्याला पुन्हा बोलावत नसे. औषध बंद आणि पाठपुरावा बंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एका चौकोनाने त्या एक करून टाकल्या होत्या. आम्ही दोन चौकोन केले. पहिल्यात खूण झाली तरी दर तीन महिन्यांनी फोन जाणार. दुसऱ्यात खूण रुग्णाने स्वतः "मला यापुढे संपर्कच नको" असे सांगितल्यावरच, आणि तो त्याचा हक्क आहे.

पहिल्या फेरीतला एक फोन माझ्यासमोर झाला. पलीकडून रुग्णाच्या पत्नी वैतागून म्हणाल्या, "अहो, ते औषध तर त्यांनी दिवाळीतच सोडलं. आता कशाला फोन करता?" समन्वयक म्हणाली, "काकू, औषधासाठी नाही. काका कसे आहेत, एवढंच विचारायचं होतं." थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, की संक्रांतीनंतर त्यांच्या छातीत दुखू लागले होते, दुसऱ्या रुग्णालयात नेले, चार दिवस आयसीयूत होते, आता घरी आहेत. समन्वयिकेने त्या रुग्णालयाचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख लिहून घेतली. काका कोणत्या गटात होते, ते तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही. ती नोंद त्यांची चिठ्ठी ज्या गटात निघाली होती त्या गटात गेली.